मग दोनने ते भागा

एक समलंब चौकोन घ्या. समांतर बाजू 12 आणि 6 सेंमी, तिरक्या दोन्ही बाजू 5 सेंमी आणि उंची 4 सेंमी. आठवीच्या वर्गात याचं क्षेत्रफळ विचारलं, तर चुकीची उत्तरं मुख्यतः दोन येतात: 72 आणि 45. पहिल्या उत्तरात मूल निम्मं करायला विसरलेलं असतं. दुसऱ्यात त्यानं निम्मं केलेलं असतं, पण उंचीच्या जागी तिरकी बाजू घेतलेली असते. समांतर बाजूंची बेरीज करायला सहसा कुणी विसरत नाही. सूत्र गळतं ते या दोन जागीच.

क्षेत्रफळाची आणि परिमितीची सूत्रं ओळींत बांधून मुलांना द्यायची, तर या गळणाऱ्या जागा आधी हेराव्या लागतात. मुलांसाठी रचलेल्या अनेक ओळींत यमक जुळलेलं असतं, पण ते आकाराच्या नावावर किंवा ‘सोपे’, ‘गोड’ अशा शब्दांवर खर्च झालेलं असतं. ‘निम्मे’ हा शब्द मात्र ओळीच्या मधे कुठेतरी असतो. तो गळला तरी चाल बिघडत नाही आणि कानाला काही खटकत नाही. माझ्या मते अशा ओळी रचताना पाळायचा नियम एकच आहे: जो शब्द विसरला जातो, तो यमकाच्या जागी बसवावा.

समभुज चौकोनासाठी मी हा नियम असा वापरला. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आहेत, जोडाक्षर एकच धरायचं.

समभुज चौकोनाचे
कर्ण दोन्ही गुणायचे
मग दोनने ते भागा
मिळे आतली ती जागा

तिसरी ओळ वगळून पाहा. ‘जागा’ला जोडीदार उरत नाही आणि म्हणणाऱ्या मुलाला आपोआप अडखळायला होतं. भागाकार विसरला, तर आठवण कान करून देतो.

समलंब चौकोनात गळती दोन जागी, म्हणून यमकंही तिथेच हवीत:

समलंबात शोधाव्या
समांतर, मिळवाव्या
उंची घ्यावी फक्त लंब
तिरकीला ठेवा लांब
गुणून दोनने भागा
मिळे आतली ती जागा

वरच्याच उदाहरणावर या ओळी चालवू. समांतर बाजू 12 आणि 6, मिळवल्यावर 18. लंब उंची 4, गुणाकार 72. दोनने भागलं की 36 चौरस सेंमी. हे उत्तर तपासताही येतं. लांब बाजूवर 4 सेंमी उंचीचा आयत काढला तर त्याचं क्षेत्रफळ 48, आखूड बाजूवर काढला तर 24. आपलं उत्तर या दोहोंच्या मधेच असायला हवं, त्यामुळे 72 लगेच पकडलं जातं. 45 मात्र या चाळणीतून निसटतं. म्हणून ‘तिरकीला ठेवा लांब’ ही ओळ जास्त मोलाची.

परिमितीला दोनच ओळी पुरतात आणि त्या सरळ कडांच्या सगळ्या आकृत्यांना चालतात:

कडेकडेने मोजाव्या
बाजू साऱ्या मिळवाव्या

इथे तिरक्या बाजूला मान आहे आणि उंचीचं काही काम नाही. आपल्या समलंबाची परिमिती 12, 5, 6 आणि 5 मिळून 28 सेंमी. क्षेत्रफळाच्या ओळीत जी बाजू लांब ठेवायची, तीच परिमितीच्या ओळीत हवी असते. दोन्ही ओळी एकाच आकृतीवर पाठोपाठ म्हणून घेतल्या, की हा फरक मुलांच्या चांगला लक्षात येतो.

गणित पद्यात बांधण्याची आपल्याकडची परंपरा फार जुनी आहे. इ.स. 1150च्या सुमारास भास्कराचार्यांनी लिहिलेल्या ‘लीलावती’तले नियम आणि उदाहरणं श्लोकांत आहेत. त्याआधी आर्यभटांनी ‘आर्यभटीय’ही पद्यातच रचलं. त्या श्लोकांना यमक नव्हतं. वृत्ताची मोजणी काटेकोर होती, त्यामुळे शब्द सांडला की कळायचं. पण वृत्त नियमाचा खरेखोटेपणा तपासत नाही. आर्यभटांनी त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया आणि लंब यांच्या गुणाकाराच्या निम्मं सांगितलं, ते बरोबर. त्याच श्लोकात पुढे त्रिकोणी तळाच्या सूचीचं घनफळही तळ आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मं म्हटलं आहे. तिथे तिसरा हिस्सा हवा होता. श्लोक दोन्ही अर्ध्यांत सारख्याच सहजतेनं चालतो.

भास्कराचार्यांनी आणखी एका धोक्यावर बोट ठेवलं. नुसत्या चार बाजू देऊन चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी ‘लीलावती’त चक्क पिशाच म्हटलं आहे, आणि उत्तर देऊ पाहणाऱ्यालाही सोडलेलं नाही. बाजू त्याच राहिल्या तरी कर्ण बदलतात आणि कर्णांबरोबर क्षेत्रफळही बदलतं, हे त्यांचं कारण.

हे वर्गात दाखवायला पाच सेंमीच्या चार पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचणीनं कोपऱ्यांत जोडाव्यात. सरळ उभ्या केल्या की चौरस होतो, क्षेत्रफळ 25 चौरस सेंमी. थोडं दाबून कर्ण 6 आणि 8 सेंमी केले, तर अठ्ठेचाळीसचं निम्मं, 24. आणखी दाबून छोटा कर्ण 2 सेंमीवर आणला, तर मोठा जवळजवळ 9.8 होतो आणि क्षेत्रफळही साधारण तेवढंच उरतं. परिमिती या सगळ्यात 20च्या 20 राहते. समभुज चौकोनात बाजूचा वर्ग करणाऱ्या मुलानं या पट्ट्या स्वतः दाबून पाहाव्यात. मग ओळीत बाजू न येता कर्ण का येतात, हे सांगावं लागत नाही.

निम्मं कुठून येतं, तेही हातानं दिसतं. समलंबाचे एकसारखे दोन कागदी तुकडे कापावेत आणि एक उलटा फिरवून दुसऱ्याच्या तिरक्या कडेला लावावा. त्यातून समांतरभुज चौकोन होतो, त्याचा पाया दोन्ही समांतर बाजूंची बेरीज. आपल्याला त्यातला एकच तुकडा हवा असतो. ओळी पाठ करून घ्यायच्या त्या हे कापून झाल्यावर, आधी नाही.

वर्तुळात गोंधळ वेगळा आहे. त्रिज्येचा वर्ग आणि त्रिज्येची दुप्पट यांची अदलाबदल होते. त्यासाठी दोन ओळी:

त्रिज्येचा वर्ग जागेला
दुप्पट ती परिघाला

पायने गुणायचं दोन्हीकडे आहेच, म्हणून त्याला ओळीत जागा दिलेली नाही. शेवटचे शब्द उलटसुलट केले, तर एका ओळीत नऊ अक्षरं होतात आणि दुसरीत सात. चूक चालीलाच कळते. पाय 22/7 धरला, तर 7 सेंमी त्रिज्येला परीघ 44 सेंमी आणि क्षेत्रफळ 154 चौरस सेंमी. सरावाला त्रिज्या 2 मात्र देऊ नये. दोनचा वर्गही चार आणि दुप्पटही चार, त्यामुळे चुकीच्या सूत्रानंही बरोबर आकडा येतो आणि चूक झाकली जाते.

त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ देणारं हेरॉनचं सूत्र मी ओळीत बांधलेलं नाही. आधी परिमितीचं निम्मं, मग त्यातून एकेक बाजू वजा, चार संख्यांचा गुणाकार आणि शेवटी वर्गमूळ, एवढ्या पायऱ्या आठ अक्षरांत कोंबल्या तर त्यातली एखादी नक्की सांडते. ते सूत्र वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावं आणि प्रत्येक उदाहरणाला पाहून वापरावं.