चारशे पाच फुटांचा हिशोब

गिरगाव, लालबाग, भायखळा भागातल्या जुन्या इमारतींत पुनर्विकासाच्या सभा होतात, तेव्हा एक आकडा हमखास ऐकू येतो: ४०५. ‘सगळ्यांना सरसकट ४०५ कार्पेट,’ असं बिल्डरचा माणूस सांगतो आणि टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांचं चुकत नाही. ज्यांच्या खोल्या १८० फुटांच्या आहेत, त्यांना दुपटीहून जास्त जागा मिळते. मात्र त्याच मजल्यावर कोपऱ्यात एखादं तीन खोल्यांचं बिऱ्हाड असतं, आणि त्यांच्या दृष्टीने या आकड्यात तोटा असू शकतो. असा भाडेकरू ‘म्हाडा’च्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे हरकतीचं पत्र लिहायला बसतो. त्या पत्रात काय असावं आणि काय नसावं, याबद्दल हे लिहितो आहे.

आधी हा ४०५ येतो कुठून ते पाहू. मुंबई शहरातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या ज्या भाड्याच्या इमारती दुरुस्ती मंडळाचा उपकर भरतात, त्या उपकरप्राप्त इमारती. त्यांचा पुनर्विकास बहुतेक वेळा विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ३३(७) खाली होतो. या कलमाप्रमाणे राहत्या जागेच्या भाडेकरूला जुन्या इमारतीत त्याच्या ताब्यात जेवढं कार्पेट क्षेत्र होतं तेवढं नव्या इमारतीत मोफत मिळतं, आणि ते ३०० चौरस फुटांपेक्षा कमी असून चालत नाही. वर कमाल मर्यादाही आहे, पण साधारण चाळकऱ्याचा तिच्याशी संबंध येत नाही. म्हणजे १८० फूटवाल्याला ३००, ३६० फूटवाल्याला ३६०. यावर नियम ३१(३) खाली ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल क्षेत्र मिळतं. पुनर्वसनाच्या भागावर बिल्डरला त्यासाठी प्रीमियम भरावा लागत नाही. मात्र त्याला अट आहे: हे फंजिबल विक्रीच्या फ्लॅटकडे वळवता येत नाही, ते भाडेकरूंना त्यांच्या हक्काच्या जागेवर वाढीव जागा म्हणूनच द्यायचं असतं. ३०० वर ३५ टक्के धरले की ४०५ होतात.

थोडक्यात, ४०५ हा ज्याची जुनी जागा ३०० किंवा त्याहून कमी आहे त्याचा आकडा आहे. तो सरसकट सगळ्यांना लावला की मोठ्या खोलीवाल्याचं हक्काचं क्षेत्र गुपचूप कापलं जातं. आणि हे सभेत कोणाच्या लक्षात येत नाही, कारण इमारतीत लहान खोलीवाले जास्त असतात. योजनेला ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. ती लहान खोल्यांतूनच गोळा होते. बिल्डर हे जाणून असतो. बरेचदा सोसायटीच्या कमिटीलाही कळत असतं.

आता एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण असले आकडे चाळीत फिरणाऱ्याला नवे वाटणार नाहीत. गिरगावातल्या एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. भाडेपावती आधी सासऱ्यांच्या नावावर होती, नंतर यजमानांच्या, आता त्यांच्या. बाहेरची खोली १० बाय १४, आतली १० बाय १३, स्वयंपाकघर १० बाय ९. शिवाय रस्त्याच्या बाजूला १० बाय ४ ची गॅलरी, तिला कधीकाळी लाकडी खिडक्या लावून बंद केलेलं. मंडळाच्या सर्वेक्षणात त्यांच्या नावापुढे ३६० फूट लागले आहेत, म्हणजे तीन खोल्यांची बेरीज, गॅलरी सोडून. बिल्डरने त्यांना इतरांसारखे ४०५ देऊ केले आहेत, वर ‘तुम्हाला तर पंचेचाळीस फूट जास्तच मिळतात की’ असंही ऐकवलं आहे.

या बाईंचा पहिला कच्चा मसुदा मी तुम्हाला न पाहताही सांगू शकतो, कारण असे मसुदे सगळे सारखे असतात. त्यात बिल्डर कसा उद्धट बोलला, कमिटी कशी विकली गेली, बीडीडी चाळीला ५०० फूट मिळाले तर आम्हाला का नाही, पार्किंगचं काय, कोणता मजला मिळणार, आणि शेवटी ‘न्याय मिळेपर्यंत आम्ही जागा सोडणार नाही’ असं सगळं असतं. बीडीडीचा मुद्दा तर मंडळाला लागूच होत नाही. त्या सरकारी चाळींचा पुनर्विकास वेगळ्या तरतुदीखाली होतो. पार्किंग आणि मजला यांत मंडळ सहसा पडत नाही, ते करारात मागायचं.

आणि शेवटचं वाक्य नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ प्रमाणे, पुरेशी संमती घेऊन प्रस्ताव आला असेल आणि बांधकामाच्या काळासाठी पर्यायी जागेची सोय केली असेल, तर संमती न देणाऱ्यांनाही जागा रिकामी करावी लागते. न केल्यास मंडळ नोटीस देऊन त्यांना बाहेर काढू शकतं. ‘सोडणार नाही’ असं लिहिलेलं पत्र उद्या बिल्डरच अडवणुकीचा पुरावा म्हणून दाखवतो, आणि मग कोपऱ्यातल्या कागदावरच्या फुटांकडे कोणी बघत नाही.

म्हणून पत्र एकाच गोष्टीवर ठेवायचं: क्षेत्रफळ. पत्र मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या नावे, प्रती विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला आणि ना-हरकत प्रमाणपत्राचं काम पाहणाऱ्या निवासी कार्यकारी अभियंत्याला. वर इमारतीचा उपकर क्रमांक, खोली क्रमांक, भाडेकरूचं नाव पावतीवर आहे तसंच. मग मजकूर साधारण असा:

‘मी वरील जागेची भाडेकरू असून इमारतीच्या पुनर्विकासाला माझा विरोध नाही. नियमाप्रमाणे पर्यायी निवासाची सोय झाल्यावर जागा रिकामी करण्यास मी तयार आहे. माझी हरकत फक्त मला देऊ केलेल्या क्षेत्रफळाबाबत आहे. मंडळाच्या यादीत माझ्या जागेचं क्षेत्र ३६० चौ. फूट नोंदलेलं आहे. नियम ३३(७) प्रमाणे तेवढं क्षेत्र आणि त्यावर नियम ३१(३) प्रमाणे पुनर्वसनासाठी अनुज्ञेय फंजिबल क्षेत्र मला मिळायला हवं. ३५ टक्के धरल्यास हे ४८६ चौ. फूट होतं. विकासकाने ४०५ चौ. फूट देऊ केलं आहे. पुनर्वसन भागावर किती फंजिबल मंजूर आहे व ते कोणत्या सदनिकांत वापरलं आहे, याचा तक्ता विकासकाकडून घेऊन मला द्यावा.’

गॅलरीचा मुद्दा अजून आलाच नाही. ते मुद्दाम. ४८६ चा दावा मंडळाच्या स्वतःच्या यादीवर उभा आहे, त्याला वाद घालायला जागा कमी. गॅलरी वादाची आहे. सामायिक सज्जा असेल तर ती कोणाच्याच हिशोबात येत नाही. स्वतंत्र आणि मूळ बांधकामातली असेल तर ती ताब्यातली जागा ठरवून घेता येते, पण ते सिद्ध करावं लागतं. दोन्ही दावे एकात मिसळले की गॅलरीवरच्या शंकेबरोबर पक्का दावाही रेंगाळतो. म्हणून गॅलरी वेगळ्या परिच्छेदात:

‘याशिवाय माझ्या जागेला लागून १० फूट बाय ४ फूट गॅलरी आहे, तिचा वापर फक्त माझ्या कुटुंबाकडे आहे. ती सर्वेक्षणात धरलेली नाही. सोबतच्या कागदपत्रांच्या आधारे, माझ्या उपस्थितीत संयुक्त मोजणी करून नोंद दुरुस्त करावी.’ गॅलरी धरली तर मूळ जागा ४०० फूट होते आणि ३५ टक्के धरून हक्क ५४० वर जातो.

कागदपत्रं म्हणजे जुन्या भाडेपावत्या, वीजबिल, मतदारयादीतलं नाव, इमारतीचा जुना नकाशा मिळाला तर तो, आणि पालिकेच्या कर निर्धारणाच्या नोंदीचा उतारा. १३ जून १९९६ ही तारीख इथे महत्त्वाची. त्यानंतर नव्याने निर्माण केलेली भाडेकरारी योजनेत धरली जात नाही. भावाभावांनी नंतर खोली वाटून दोन पावत्या करून घेतल्या असतील, तर दोन फ्लॅटची आशा धरू नये.

संयुक्त मोजणीच्या दिवशी टेप आपणही ठेवावी. भिंतीच्या गिलाव्यापासून समोरच्या गिलाव्यापर्यंत, जमिनीलगत. आणि एक बारकावा. नव्या फ्लॅटच्या कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जाडीही मोजली जाते. मग जुन्या खोल्यांमधल्या भिंतीही का धरू नयेत? जुनी नऊ इंची विटेची भिंत १० फूट लांब असेल तर साडेसात चौरस फूट होते, आणि तीन खोल्यांत अशा दोन. म्हणून दोन्ही जागा एकाच पद्धतीने मोजाव्यात, एवढी मागणी पत्रात करायला हरकत नाही. मोजणीचा पंचनामा पटला नाही तरी सही टाळू नये. ‘गॅलरी धरलेली नाही, हरकत कायम’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करावी.

पत्राची वेळही बघावी लागते. मंडळ बिल्डरला ना-हरकत देतं तेव्हा भाडेकरूंची प्रमाणित यादी त्यात असते. त्याआधी पत्र गेलं तर नोंद सुधारणं कारकुनी काम असतं. नंतर तेच काम मंजूर नकाशा बदलण्याचं होऊन बसतं आणि कोणी हात लावत नाही. यादीतलं आपल्या नावापुढचं क्षेत्र माहीत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतं. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. पत्र आवक विभागात द्यावं, प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. व्हॉट्सअॅपवर अभियंत्याला पाठवलेला फोटो हा पुरावा म्हणून फारसा उपयोगी पडत नाही.

उत्तर म्हणून बहुधा पत्र बिल्डरकडे खुलाशासाठी जातं. मग बिल्डरचा माणूस घरी येतो, गोड बोलतो. ‘४८६ देऊ, पण वरचे ऐंशी फूट बांधकाम खर्चाने घ्या,’ असा प्रस्ताव येतो. इथे सावध राहावं. हक्काच्या क्षेत्रावर बांधकाम खर्च द्यायचा नसतो. हक्कापेक्षा जास्त जागा स्वतःहून विकत घ्यायची तर तो वेगळा व्यवहार, त्याची किंमत वेगळी लिहून घ्यावी.

मंडळाने दाद दिली नाही तर उच्च न्यायालयात याचिका करता येते, आणि तिथे हेच पत्र पहिलं परिशिष्ट होतं. त्यात राग नसून तीन आकडे आणि दोन नियम असले की वकिलाचं निम्मं काम झालेलं असतं. पण बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत, ती करारावर संपतात. कायम पर्यायी जागेचा हा करार नोंदणीकृत असावा. त्यात फ्लॅटचा क्रमांक, मजला, मंजूर नकाशाची प्रत आणि कार्पेटचा आकडा असावा. ‘अंदाजे ४८६ चौ. फूट’ असं लिहिलेलं दिसलं तर ‘अंदाजे’ खोडून घ्यावं, आणि त्या खाडाखोडीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.