एसीचा पॉइंट: भिंतीतल्या वायरचा हिशोब

१९८०च्या दशकात बांधलेल्या इमारतींमध्ये वायरिंग झालं ते दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही आणि फार तर इस्त्री एवढ्याचा विचार करून. आज त्याच घरात बेडरूमला एसी घ्यायचा ठरला की दुकानात टन किती, स्टार किती, हप्ता किती, सगळं विचारलं जातं. भिंतीतली वायर किती जाडीची, हे मात्र कोणी विचारत नाही. एसी बसवायला आलेला माणूस जवळचा पॉवर पॉइंट बघतो, प्लग लावतो, गार हवा येते आणि विषय तिथेच संपतो.

सगळा घोळ एका गैरसमजातून सुरू होतो. डीबीमधला ब्रेकर, म्हणजे एमसीबी, एसीला वाचवण्यासाठी असतो असं बहुतेकांना वाटतं. तो वायरला वाचवण्यासाठी असतो. एसीच्या आत त्याची स्वतःची संरक्षणं असतात; भिंतीतल्या वायरला मात्र एमसीबीशिवाय कोणी वाली नाही. म्हणून क्रम असा: एसी जेवढा करंट घेतो त्यापेक्षा एमसीबीचा आकडा मोठा हवा, आणि वायर जेवढा करंट सुखाने वाहू शकते त्यापेक्षा तो लहान हवा. एमसीबी या दोन आकड्यांच्या मध्ये बसला पाहिजे.

एक घर घेऊ. दुसरा मजला, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, डीबीपासून एसीपर्यंत वायरचा मार्ग साधारण १४ मीटर. एसीच्या बाहेरच्या युनिटवर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर दोन करंट दिलेले असतील तर नेहमीचा नव्हे, कमाल करंट वाचायचा. समजा तो साडेदहा अँपिअर आहे. त्याच्या वरचा सोयीचा एमसीबी १६ अँपिअरचा. एसी जुन्या पद्धतीचा, म्हणजे एका वेगाने फिरणाऱ्या कॉम्प्रेसरचा असेल तर चालू होताना तो क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. तिथे मी २० अँपिअरचा घेईन. दोन्ही वेळा एमसीबी 'सी' प्रकारचा हवा. 'बी' प्रकारचा त्याच्या आकड्याच्या तीन ते पाचपट करंटला लगेच पडतो, तर 'सी' पाच ते दहापटीला. एसी सुरू होतानाचा तो झटका 'सी' सहन करतो.

आता वायर. वायरमन 'अडीचची' किंवा 'चारची' म्हणतो तेव्हा तो तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये सांगत असतो. भिंतीतल्या पाइपमधून नेलेली अडीचची तांब्याची वायर तक्त्यानुसार सुमारे २४ अँपिअर वाहते. पण तो तक्ता ३० अंश तापमानाचा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात, आणि एसी चालतो तोही उन्हाळ्यातच, भिंत ४० अंशांवर असते. तेव्हा क्षमता १३ टक्क्यांनी घटते. त्याच पाइपमध्ये दुसरं सर्किटही असेल तर आणखी २० टक्के जातात. २४चे झाले साडेसोळा-सतरा. म्हणजे अडीचच्या वायरवर १६ अँपिअरचा एमसीबी जेमतेम बसतो आणि २०चा बसत नाही. चारच्या वायरला हाच हिशोब लावला तर ३२चे २२ उरतात. तिथे २०चा एमसीबीही बसतो.

म्हणून जुन्या फ्लॅटमध्ये एसीसाठी नवी वायर ओढायचीच असेल तर चारची ओढावी असं माझं ठाम मत आहे. मजुरी, पट्टी, भिंतीला भोकं, सगळं तेवढंच राहतं. फरक पडतो तो फक्त तांब्याचा. व्होल्टेज पडतं म्हणून जाड वायर घ्या, असंही काही जण सांगतात. चौदा मीटरच्या अंतरात अडीचच्या वायरवर ते दोन-अडीच व्होल्टच पडतं, त्याने एसीचं काही बिघडत नाही. जाड वायर घ्यायची ती उष्णतेसाठी.

धोका निर्माण होतो तो दुरुस्तीच्या वेळी. एसी चालू असताना कोणीतरी त्याच सर्किटच्या सॉकेटला इस्त्री किंवा गीझर लावतो आणि १६चा एमसीबी पडतो. असं दोन-तीनदा झालं की घरातले वैतागतात आणि कोणीतरी ३२चा बसवून देतो. पडणं थांबतं, सगळे खूश. पण एमसीबीच्या मानकाप्रमाणे तो आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर पडल्याशिवाय वाहू देतो. म्हणजे ३२चा एमसीबी ३६ अँपिअर मुकाट जाऊ देईल, आणि सतराच्या लायकीची वायर प्लास्टरच्या आत भाजत राहील. एमसीबी पडत असेल तर कारण शोधायचं. आकडा वाढवायचा तर आधी वायर बदलायची. एसीला डीबीतून थेट निघणारं स्वतंत्र सर्किट दिलं आणि वाटेत दुसरं सॉकेट ठेवलं नाही, तर हा प्रश्न मुळात येतच नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाही एमसीबी पकडत नाही: सैल जोड. त्याला फक्त करंट कळतो, तापलेला स्क्रू कळत नाही. जुन्या घरांत बऱ्याचदा ॲल्युमिनियमची वायर असते. तिला तांब्याचं टोक पिळून वर टेप गुंडाळली की एसीच्या साध्या नऊ-दहा अँपिअरनेही तो जोड तापतो, आणखी सैल होतो, आणखी तापतो. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी होणं, प्लगची पिन काळी पडणं, एसी सुरू असताना जळकट किंवा माशासारखा वास येणं, या याच्या खुणा. म्हणून डीबीपासून एसी बॉक्सपर्यंत वायर अखंड हवी, मध्ये जोड नको.

वायर खरोखर चारची आहे का, हे तिच्या जाडीवर जाऊ नका. आवरण जाड करून आत तांबं कमी देणारा मालही बाजारात असतो. चारच्या वायरीत साधारणपणे ०.३ मिलिमीटरच्या ५६ तारा असतात, अडीचच्यात ३६. न जोडलेल्या नव्या वायरचं टोक सोलून त्या मोजता येतात. फेज आणि न्यूट्रलइतकीच जाड अर्थिंगची वायरही टाकून घ्या. जुन्या घरात ती कित्येकदा नसतेच, किंवा नळाच्या पाइपला बांधलेली असते. ती डीबीतल्या खऱ्या अर्थिंगपर्यंत पोचते का, हे वायरमनकडून मोजून घ्यावं.

इतकं केल्यावरही मीटरपासून डीबीपर्यंतची मुख्य वायर उरतेच. आपल्या उदाहरणातला एसी साडेदहा, दोन किलोवॉटचा गीझर जवळपास नऊ, फ्रिज, मिक्सर, पंखे मिळून पाच-सहा: बेरीज २५ अँपिअरच्या आसपास जाते. चाळीस वर्षांपूर्वीची चारची ॲल्युमिनियमची मुख्य वायर आणि मीटररूममधला किटकॅट फ्यूज या बेरजेसाठी टाकलेले नव्हते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे त्याच जाडीत ते कमी करंट वाहतं. नव्या पॉइंटचं काम सुरू करण्याआधी वायरमनला मीटररूममध्ये नेऊन ही वायर दाखवा, आणि वीजबिलावरचा मंजूर भार पाहा. तो दोन-तीन किलोवॉटच असेल तर वीज कंपनीकडे वाढीव भाराचा अर्ज करावा लागतो. मुख्य वायर सोसायटीच्या डक्टमधून जात असेल तर सेक्रेटरींची परवानगीही लागते. या दोन्हींना वेळ जातो, तेव्हा एसीची ऑर्डर देण्याआधीच त्या मागे लागलेलं बरं.