एक्सेलमधल्या ओळी वरून खाली काढताना काही का उरतात?

व्हीबीए ही एक्सेलमध्येच असलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. रोजची तीच ती कामे मॅक्रोकडून करून घेण्यासाठी ती वापरतात, आणि नको असलेल्या ओळी काढून टाकणे हे त्यातले नेहमीचे काम. नेमक्या याच कामात एक चूक वारंवार घडते. मॅक्रो कसलीही तक्रार न करता पूर्ण चालतो, पुष्कळशा ओळी जातातही, पण जायला हव्या होत्या त्यातल्या काही यादीत तशाच राहतात. एररचा संदेश येत नसल्यामुळे ही चूक अनेकदा उशिरा, बेरीज जुळेनाशी झाल्यावर, ध्यानात येते.

एका वाचनालयाच्या सभासदांची यादी घेऊ. पहिल्या ओळीत शीर्षके आहेत आणि 2 ते 9 या ओळींत आठ सभासद. C कॉलममध्ये प्रत्येकापुढे ‘चालू’ किंवा ‘रद्द’ असे लिहिले आहे. 3, 4, 6, 7 आणि 8 या पाच ओळी ‘रद्द’ आहेत, उरलेल्या तीन ‘चालू’. रद्द सभासदांच्या ओळी काढायच्या आहेत. शोधायचा शब्द E1 या सेलमध्ये लिहून ठेवला आहे, आणि त्याला कारण आहे. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी अक्षरे पेलत नाहीत. कोडमध्ये ‘रद्द’ टाइप केले की तिथे प्रश्नचिन्हे उमटतात. त्यामुळे मराठी शब्दाशी तुलना करायची असेल तर तो शब्द सेलमधून वाचणे सर्वांत सोपे. E1 पहिल्या ओळीत असल्याने या मॅक्रोत तो काढला जाण्याची भीतीही नाही.

सहज सुचणारा कोड असा असतो:

```
Dim i As Long, last As Long
last = Cells(Rows.Count, 3).End(xlUp).Row
For i = 2 To last
    If Cells(i, 3).Value = Range("E1").Value Then
        Rows(i).Delete
    End If
Next i
```

दुसरी ओळ C कॉलममधली शेवटची भरलेली ओळ शोधते. इथे तिचे उत्तर 9. मग i हा मोजणीचा आकडा 2 पासून 9 पर्यंत एकेकाने वाढत जातो. वाचताना यात काहीच खटकत नाही, आणि म्हणूनच ही चूक इतक्या जणांच्या हातून होते.

आता मॅक्रो प्रत्यक्षात काय करतो ते पाहू. i दोन असताना ओळ ‘चालू’ निघते, ती राहते. i तीन होतो, ओळ ‘रद्द’ आहे, ती काढली जाते. रांगेतला एक माणूस बाहेर पडला की मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकतात, तशा खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर येतात. मुळातली चौथी ओळ, म्हणजे दुसरी ‘रद्द’ ओळ, आता तिसऱ्या जागी आहे. पण `Next i` ला याचा पत्ता नसतो. तो i ला चार करतो आणि चौथ्या जागी मुळातली पाचवी, ‘चालू’ असलेली ओळ तपासली जाते. तिसऱ्या जागी सरकून आलेल्या ओळीकडे मॅक्रो पुन्हा वळतच नाही. पुढे i पाच असताना मुळातली सहावी ओळ जाते, सातवी तिच्या जागी सरकते आणि निसटते. i सहा असताना मुळातली आठवी सापडते आणि जाते. त्यानंतर नववी सहाव्या जागी येऊन न तपासताच राहते. ती ‘चालू’ होती म्हणून बिघडले नाही, इतकेच. 7, 8 आणि 9 या जागा एव्हाना रिकाम्या झालेल्या असतात. पाचपैकी तीनच ओळी गेल्या, दोन उरल्या.

यावरून चुकीची ओळखही पटते. काढायच्या ओळी एकमेकींपासून दूर असतील तर हाच कोड बरोबर उत्तर देतो, कारण निसटणारी ओळ तेव्हा ठेवायचीच असते. लागोपाठच्या दोन असतील तर एक उरते, तीन असतील तरी एकच, चार असतील तर दोन. दुसरी खूण अशी, की तोच मॅक्रो पुन्हा चालवला की आणखी ओळी जातात. वरच्या यादीत दुसऱ्या फेरीत उरलेल्या दोन्ही जातात. काही जण यालाच उपाय समजून मॅक्रो दोन-तीनदा चालवतात. पण लागोपाठच्या ओळी जास्त असल्या की तेवढ्या फेऱ्या पुरत नाहीत, आणि मूळ दोष कोडमध्ये तसाच राहतो.

खरा उपाय एका ओळीचा आहे:

```
For i = last To 2 Step -1
```

बाकी कोडला हात लावायचा नाही. आता i नऊपासून दोनपर्यंत उतरतो. आठवी ओळ काढली की फक्त तिच्या खालची नववी वर सरकते, आणि ती आधीच तपासून झालेली असते. सातवी, सहावी आणि वरच्या सगळ्या ओळी आपापल्या जागी अढळ असतात. ओळ काढल्याने होणारी सरकासरक नेहमी खालच्या बाजूलाच होते, आणि मोजणी वरच्या बाजूला जात असते. म्हणून दोघांची गाठ पडत नाही. मग 7, 6, 4 आणि 3 या ओळीही जातात आणि तिन्ही ‘चालू’ सभासद 2 ते 4 या जागी राहतात.

यात `Step -1` विसरून चालत नाही. ते नसेल तर नऊपासून दोनपर्यंत ‘वाढत’ जाणे अशक्य असल्याने लूप एकदाही चालत नाही. एकही ओळ जात नाही आणि एररही येत नाही.

वरून खालीच जायचे आणि ओळ काढल्यावर `i = i - 1` लिहायचे, अशीही एक युक्ती प्रचारात आहे. ‘रद्द’ शोधताना ती चालते, पण रिकाम्या ओळी काढायच्या असतील तर घातक ठरते. `For` मधली शेवटची मर्यादा लूप सुरू होताना एकदाच ठरते, नंतर ती कमी होत नाही. यादी आखडली की खालून रिकाम्या ओळी वर येतात, त्या काढल्या जातात, पुन्हा रिकाम्याच येतात, i तिथेच अडकतो आणि लूप संपत नाही. खालून वर जाणे या युक्तीपेक्षा साधे आणि निर्धोक आहे. `For Each` ने सेल एकेक करून घेत ओळी काढल्या तरी ओळी निसटतात, तेव्हा तो मार्गही इथे टाळावा.

हजारो ओळी काढायच्या असतील तर मात्र वेगळी पद्धत सरस ठरते. प्रत्येक वेळी ओळ काढली की एक्सेलला खालचे सगळे सरकवावे लागते, आणि वेळ त्यात जातो. त्याऐवजी लूपमध्ये ओळी नुसत्या `Union` ने गोळा कराव्यात आणि लूप संपल्यावर सगळ्या एकदम काढाव्यात. लूप चालू असताना काहीच हलत नसल्यामुळे दिशा कोणतीही असली तरी ओळ निसटत नाही.

मॅक्रोने काढलेल्या ओळी ‘अनडू’ करून परत मिळत नाहीत, म्हणून आधी फाइलची प्रत ठेवावी. मॅक्रो चालवण्यापूर्वी एखाद्या रिकाम्या सेलमध्ये, पहिल्याच ओळीत, `=COUNTIF(C:C,E1)` हे सूत्र लिहावे. वरच्या यादीत ते आधी 5 दाखवेल, आणि मॅक्रो बरोबर असेल तर नंतर 0.