तीन दारांत भागते तेव्हा

वाक्य शब्दाशब्दाने वाचताना काय लक्षात ठेवायचे, हे एलएसटीएम तीन गेटांनी ठरवते आणि आठवण वेगळ्या कप्प्यात जपते. 2014 मध्ये आलेल्या जीआरयूत गेटे दोनच आहेत, वेगळा कप्पा नाही. शंभर आकड्यांचा इनपुट आणि तेवढीच स्मृती धरली, तर एलएसटीएमला 80,400 वजने शिकावी लागतात, जीआरयूला 60,300. गणित पाव भागाने घटते, म्हणून प्रत्येक फेरी सहसा लवकर संपते. विदा थोडा आणि वाक्ये आखूड असतील, तर अचूकता बहुधा तेवढीच राहते. मात्र लांबलचक मजकुरात मोजणी ठेवायची असेल, तर जीआरयू अडखळते. निवड करताना फेऱ्या नव्हे, घड्याळ लावून न पाहिलेल्या नमुन्यांवरची चूक तपासावी.