निरोपाचे पत्रक : खरे लिहावे, पण कसे?

शाळेत बी.एड.ची मुले-मुली शिकवायला येतात, हे आपल्या गावांना आता चांगले परिचयाचे झाले आहे. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता आणि शाळेतले सराव पाठ थोडक्यात आटोपत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी तो दोन वर्षांचा झाला आणि शाळेत राहून शिकण्यासाठी एकूण 20 आठवडे ठरले, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. यालाच आंतरवासिता म्हणतात. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ चार महिने. इतक्या दिवसांत छात्राध्यापक शाळेचा अर्धा घरचाच माणूस होतो. मग शेवटच्या दिवशी त्याच्या हाती एक अभिप्राय पत्रक येते : मार्गदर्शन कसे मिळाले? अडचणी कोणत्या आल्या? सुधारणा सुचवा.

इथेच पेच पडतो. ज्या बाईंनी चार महिने डब्यातली भाजी वाढली, त्यांच्याविषयी उणे कसे लिहायचे? शिवाय काटोल काय, उमरेड काय, तालुका तो केवढा! उद्या नोकरीच्या मुलाखतीत तेच मुख्याध्यापक समोर बसलेले असायचे. म्हणून बहुतेक जण सगळीकडे 'उत्तम' लिहून मोकळे होतात. एखादा रागावलेला मात्र चार महिन्यांचे सारे उट्टे एका पानात काढतो. पहिल्याच्या पत्रकाने काही बदलत नाही, पुढच्या वर्षीच्या मुलांपुढे तीच अडचण राहते. दुसऱ्याच्या पत्रकाने शाळा दुखावते आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी घ्यायलाच नको म्हणते. यात मधली वाट आहे. ती एका उदाहरणाने पाहू.

समजा, नागपूर जिल्ह्यातल्या एका लहान शाळेत एक छात्राध्यापिका मराठी आणि इतिहास शिकवायला गेली. तिची तक्रार अशी की मार्गदर्शक बाई तिचे पाठ पाहायला वर्गात बसतच नसत. मनातले वाक्य तिने तसेच उतरवले असते, तर ते असे झाले असते : "बाईंनी कधीच लक्ष दिले नाही, मुद्दाम टाळले." या वाक्यात दोन शब्द घातक आहेत. 'कधीच' हा शब्द एका अपवादाने खोटा ठरतो आणि मग बाकीचे खरेही कोणी मानत नाही. 'मुद्दाम' हा दुसऱ्याच्या मनातला हेतू झाला. तो आपल्याला दिसत नाही, दिसते ती फक्त घडलेली गोष्ट.

तेव्हा पहिले काम म्हणजे आपली पाठटाचणाची वही उघडणे. प्रत्येक पाठाखाली निरीक्षकाची सही असते, म्हणून मोजणे सोपे आहे. तिने मोजले, तेव्हा 40 पाठांपैकी 9 पाठांवर बाईंची सही निघाली. त्यांतले 7 पाठ पहिल्या सहा आठवड्यांतले होते. मग पुढे काय झाले? बाईंकडे मतदार यादीचे काम आले होते. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे शिक्षकांकडे देता येतात, ती नाकारणे बाईंच्या हाती नव्हते. म्हणजे दोष माणसात कमी आणि व्यवस्थेत अधिक होता. बाईंच्या गैरहजेरीत तिला पाहणारे दुसरे कोणी नेमलेच गेले नव्हते.

दुसरे काम अवघड वाटते, पण नाते राखते ते हेच. जी गोष्ट पत्रकात जाणार आहे, ती त्या माणसाने आधी आपल्या तोंडून ऐकलेली असावी. निरोप समारंभाच्या दिवशी हे बोलू नये. आठवडाभर आधी, मधल्या सुटीत, दोघींच असताना बोलावे. तिने असे म्हटले : "बाई, पत्रकात पाठ निरीक्षणाबद्दल लिहायचे आहे. तुमच्याकडे यादीचे काम होते, तेही लिहिते. माझा आकडा तेवढा एकदा पाहून द्याल का?" बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, ऑगस्टातले दोन पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिले होते, सही राहून गेली." तिलाही ते आठवले. आकडा 9 चा 11 झाला. न विचारता लिहिले असते, तर त्या दोन पाठांवरूनच सारे पत्रक खोटे पडले असते.

मग पत्रकात उतरले ते असे : "40 पैकी 11 पाठांचे निरीक्षण झाले. त्या 11 पाठांनंतर मिळालेल्या सूचनांमुळे माझे फळालेखन व प्रश्न विचारणे सुधारले. सातव्या आठवड्यापासून बाईंकडे मतदार यादीचे काम आल्याने निरीक्षण कमी झाले व इतिहासाच्या पाठांवर मला सूचना मिळाल्या नाहीत. सुचवणी : अशा वेळी दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवावे, म्हणजे आठवड्याला दोन पाठ तरी पाहिले जातील." यात काय घडले, कशामुळे घडले, शिकण्यावर काय परिणाम झाला आणि पुढे काय करता येईल, एवढेच आहे. स्तुतीही आहे, पण ती नेमकी आहे. 'बाई फार प्रेमळ' या वाक्याचा महाविद्यालयाला काही उपयोग नाही. फळालेखन सुधारले, याचा आहे.

पत्रकात एक ते पाच असे गुण द्यायचे असतील, तर सगळीकडे पाच देऊ नयेत. जिथे उणे आहे तिथे दोन किंवा तीन द्यावेत आणि शेजारी कारणाची एक ओळ लिहावी. कारणाविना कमी गुण दिले, की वाचणारा अर्थ आपल्या मनाने लावतो.

आता नाव न घालता लिहावे का, असे अनेक जण विचारतात. शाळेत दोनच छात्राध्यापक असतील, तर नाव नसले तरी अक्षर ओळखू येते. त्या आडोशावर विसंबू नये. त्यापेक्षा आधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : हे पत्रक कोण वाचणार, आणि आपले गुण त्याआधी महाविद्यालयाकडे जाणार की नंतर? गुण मार्गदर्शकांच्याच हाती असतील आणि अजून भरायचे असतील, तर पत्रक गुण गेल्यावर, थेट महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे देण्याची परवानगी मागावी. पाच-सहा जण एकाच शाळेत असतील आणि अडचण सगळ्यांची असेल, तर सर्वांनी मिळून एकच सूचना लिहावी. ती कोणा एकाच्या अंगावर येत नाही.

शेवटी एक मर्यादा सांगतो. काही गोष्टी या पत्रकात मावत नाहीत. मुलांना मारहाण होत असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने ती मनाई केलेली आहे. ती 'सुचवणी' म्हणून लिहून शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचे नसते, दिसताच महाविद्यालयाला व शिक्षण खात्याला कळवायचे असते. छात्राध्यापिकेशी कोणी लैंगिक गैरवर्तन केले, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. हा कायदा शिकाऊ उमेदवारांनाही लागू आहे. शाळेत दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आंतरवासिताच चार महिन्यांची, म्हणून पहिल्या महिन्यातली घटना शेवटच्या पत्रकासाठी राखून ठेवली, तर मुदत टळू शकते.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. पत्रके आली की ती फाइलीत बांधून ठेवू नयेत. त्या शिक्षकांबरोबर बसून वाचावीत आणि पुढची तुकडी येण्याआधी, बाई कामावर गेल्या तर पाठ कोण पाहणार, त्याचे नाव वेळापत्रकात लिहून ठेवावे.