ऑफिसच्या सिनेमाला ‘नको’ची चिठ्ठी

ऑफिसातल्या मंडळींसाठी सिनेमा ठरवायचा म्हटला की ग्रुपवर मतदान होतं. पहिलं नाव साहेबांना आवडल्याचं दिसलं की पुढची मतं आपोआप तिकडे वळतात. अठरापैकी बाराजणांनी होकार दिला, तरी उरलेल्या सहांपैकी एखाद्याला तो सिनेमा सोसवणारच नाही, हे मतदानात दिसत नाही. म्हणून आधी प्रत्येकाकडून बिननावी चिठ्ठी घ्यावी आणि त्यात एवढंच विचारावं: काय बघायला नको? कारण विचारू नये. कुणाच्या घरी नुकतंच आजारपण झालेलं असतं, कुणाच्या लग्नावरून घरात वाद पेटलेला असतो. ते चारचौघांत सांगायची वेळ कुणावर का आणावी?

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा इथे फारसा उपयोग नाही. 2024 च्या नियमांनी ‘यूए’चे 7+, 13+ आणि 16+ असे भाग केले, पण ती विभागणी मुलांच्या वयासाठी आहे. ऑफिसात सगळेच मोठे.

समजा, तेविसाव्या वर्षी नुकती लागलेली मुलगी, निवृत्तीला आलेले हिशेबनीस आणि मराठी जेमतेम समजणारे दोघं-तिघं अशी मुंबईतली टीम आहे. चिठ्ठ्यांमध्ये ‘रक्तपात नको’ आणि ‘उशीर नको’ असं आलंय. ‘सैराट’ (2016) इथेच बाद होतो. सिनेमा मोठाच आहे, पण तो जवळजवळ तीन तासांचा, आणि त्याचा शेवट पाहून लगेच जेवायला बसणं मला तरी जमणार नाही. सहाला सुरू केला तर कर्जत-कसाऱ्याच्या लोकांना घरी पोचायला मध्यरात्र होईल.

‘अशी ही बनवाबनवी’ (1988) बहुतेकांच्या मनात पहिला येतो. अडचण वेगळीच आहे. ज्यांना संवाद पाठ आहेत ते पडद्याच्या आधी बोलतात, आणि पहिल्यांदा बघणारा आपल्याच टीममध्ये पाहुणा होतो. शिवाय पुरुषांनी बायकांचं सोंग घेण्यावरचे विनोद आज सगळ्यांनाच रुचतील असं नाही.

मी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) लावेन. परेश मोकाशींचा हा सिनेमा सुमारे दीड तासात आटोपतो. दादासाहेब फाळके घरातल्या वस्तू विकतात, डोळ्यांचं दुखणं सोसतात, स्त्रीभूमिकेला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला तारामती करतात, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येतो. विनोद बराचसा हालचालींतून, जुन्या मूकपटांच्या चालीवर होतो, त्यामुळे मराठी कमी येणाराही हसतो. थरार आणि ठेक्याची गाणी हवी असणाऱ्यांना मात्र तो संथ वाटेल, हे आधीच सांगून टाकावं.

निवडलेला सिनेमा एकाने आधी पूर्ण बघावा. ट्रेलरवर विसंबू नये. घरच्या ओटीटी खात्यावरून ऑफिसात दाखवू नये, ती वर्गणी घरगुती वापरापुरती असते. हक्कधारकाची परवानगी घ्यावी. जी प्रत लावणार तिच्यावरच सबटायटल्स आहेत ना, आणि मागच्या रांगेतून ती वाचता येतात ना, हे आदल्या दिवशी त्याच खोलीत पाहावं.