एकोणचाळिसाव्या मिनिटातला एक बिट

आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या लोखंडी कपाटात १४० मिनीडीव्ही कॅसेटी होत्या. प्रत्येक कॅसेट तासाभराची. मंडळातल्या एका काकांनी दहाबारा वर्षं हातात कॅमेरा धरून एकांकिका, तालमी, बक्षीस समारंभ असं सगळं टिपलेलं. जुन्या लॅपटॉपला फायरवायरची केबल लावून आम्ही एकेक कॅसेट संगणकात उतरवली. मिनीडीव्हीचा हिशेब फार नेटका असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची आणि सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे सेकंदाला ३.६ मेगाबाइट आणि तासाला जवळपास १३ जीबी. १४० कॅसेटी मिळून सुमारे १,८२० जीबी झाले.

उतरवतानाच एक काम केलं होतं, ज्याचं मोल तेव्हा मला कळलं नव्हतं. प्रत्येक फाइलचा एमडी५ हॅश काढून यादी करून ठेवली होती. एमडी५ ही रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९२ साली जाहीर केलेली पद्धत. फाइल १३ जीबीची असो वा १३ बाइटची, तिच्यातून बरोबर ३२ अक्षरांचा एक ठसा निघतो, आणि आत एक बिट जरी बदलला तरी तो ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. मुद्दाम फसवायला बसलेल्या माणसापुढे ही पद्धत आता टिकत नाही, एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात. पण अपघाताने बिघडलेल्या फाइलचा ठसा मूळ ठशाशी जुळण्याची शक्यता इतकी कमी आहे की ती आपल्या हयातीत विसरून जावी.

संग्रह आता घरातल्या डिस्कवर होता आणि त्याची एक प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवायची होती. त्यासाठी घेतलं rclone. निक क्रेग-वुड यांनी सुरू केलेला हा मुक्त प्रोग्राम कमांड लाइनवर चालतो आणि कितीतरी वेगवेगळ्या क्लाउड सेवांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलतो.

पहिला प्रश्न वाटेचा. घरच्या ब्रॉडबँडचा वर जाणारा वेग ४० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. कॉपी मोकळी सोडली तर चार दिवसांत संपली असती, पण त्या चार दिवसांत घरात कुणालाही धड व्हिडिओ कॉल करता आला नसता. खाली येणाऱ्या पाकिटांची पोच वर पाठवावी लागते. वरची वाट अपलोडने ठासून भरली, की राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते आणि ती इवलीशी पोचही रांगेत मागे उभी राहते. पोच उशिरा गेली की समोरचा सर्व्हर पुढचं पाकीट उशिरा सोडतो. म्हणून वर काहीतरी पाठवत असताना खाली येणारंही अडखळतं.

यावर rcloneचा उपाय मला फार सुंदर वाटतो. एक बादली आहे आणि तिच्यात ठरलेल्या गतीने टोकन पडत राहतात, अशी कल्पना करा. जेवढे बाइट पुढे पाठवायचे, तेवढी टोकनं बादलीतून काढायची. बादली रिकामी असेल तर थांबायचं. बाइट हाकलायला कुणी नाही आणि अडवायलाही कुणी नाही, पाठवणाराच टोकनाची वाट बघतो. गती वाटेच्या क्षमतेपेक्षा थोडी कमी ठेवली की राउटरमध्ये रांग लागतच नाही आणि ती पोच थेट निघून जाते. शिवाय या गतीचं वेळापत्रकही देता येतं:

```
rclone copy /mnt/tapes gdrive:tapes \
  --bwlimit "07:00,1M 23:00,4M" \
  --transfers 1 -v --log-file copy.log
```

सकाळी सातपासून सेकंदाला १ मेबिबाइट, रात्री अकरापासून ४. इथला M बाइटचा आहे, बिटचा नाही. पहिल्या दिवशी मी जोडणीचा आकडा बघून 40M लिहिलं होतं. ते झाले सेकंदाला ४० मेबिबाइट, आमच्या वाटेच्या आठपटीहून जास्त. मर्यादा घातली होती, पण ती कधी लागूच होणार नव्हती. संध्याकाळी बहिणीचा कॉल गोठला तेव्हा चूक लक्षात आली. नव्या आकड्यांनी दिवसाच्या सोळा तासांत साधारण ६० जीबी आणि रात्रीच्या आठ तासांत १२० जीबी जातात. रोजचे १८० धरले तर संग्रह दहा दिवसांत पोचतो. ड्राइव्हची रोजच्या अपलोडची ७५० जीबीची सीमा आहे, तिच्या आसपासही आपण जात नाही.

--transfers 1 मागेही कारण आहे. rclone एरवी चार फाइली एकाच वेळी पाठवतो, पण --bwlimit ही सगळ्यांची मिळून मर्यादा असते, त्यामुळे चार फाइली धरून एकूण वेग वाढत नाही. उलट वीज गेली, तर अर्धवट गेलेली प्रत्येक फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते. दिवसाच्या गतीने एका कॅसेटला साडेतीन तास लागतात. एकच फाइल वाटेत असेल तर जास्तीत जास्त तेवढाच वेळ पाण्यात जातो, चार असतील तर चौघींचा. आमच्याकडे त्या दहा दिवसांत दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा तीच कमांड पुन्हा दिली. पोचलेल्या फाइली rclone आकार आणि बदलाची वेळ पाहून सोडून देतो आणि पुढे निघतो.

अकराव्या दिवशी सकाळी लॉगमध्ये एकही चूक नव्हती. प्रत्येक फाइल पोचल्यावर rcloneने आपला हॅश ड्राइव्हच्या हॅशशी ताडून पाहिला होता आणि सगळे जुळले होते. तरी मी वेगळी पडताळणी लावली:

```
rclone check /mnt/tapes gdrive:tapes --combined check.txt
```

या कमांडचं मला अजूनही नवल वाटतं. ती क्लाउडमधून एकही व्हिडिओ खाली आणत नाही. ड्राइव्हने आपल्याकडे आलेल्या बाइटांवरून स्वतः काढलेले हॅश ती मागून घेते, घरची डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून आपले हॅश काढते आणि दोन्ही शेजारी ठेवते. १,८२० जीबीची खातरजमा करायला वाटेवरून येतात ते १४० ठसे, सगळी मिळून साडेचार हजार अक्षरंसुद्धा नाहीत. वेळ लागतो तो घरची डिस्क वाचायला, आमच्याकडे साडेतीन तास लागले.

check.txtमध्ये जुळलेल्या फाइलीपुढे = येतो आणि वेगळ्या निघालेल्या फाइलीपुढे * येतो. आमच्या यादीत तीन चांदण्या होत्या: कॅसेट २३, ८७ आणि १३१. आकार तंतोतंत सारखे, ठसे वेगळे. पडताळणी पुन्हा लावली. आता चांदण्या दोनच: ८७ आणि ६४.

इथे थांबून विचार करावा लागतो. मधल्या काळात त्या फाइलींना कुणी हात लावलेला नव्हता. २३ क्रमांकाची फाइल आपोआप बरी होत नाही आणि ६४ आपोआप बिघडत नाही. दोन वाचनांत दोन उत्तरं आली, म्हणजे बिघाड फाइलीत नसून वाचणाऱ्यात होता. पण ८७ दोन्ही वेळा आली होती. तिचं काय?

तेव्हा त्या जुन्या यादीची आठवण झाली. ती दुसऱ्याच यंत्रावर, कॅसेट उतरली त्याच दिवशी केलेली होती. rclone अशी यादी थेट क्लाउडशी ताडून देतो आणि घरच्या डिस्कला हातही लावत नाही:

```
rclone checksum md5 tapes.md5 gdrive:tapes
```

काही सेकंदांत उत्तर आलं. १३९ जुळल्या, ८७ नाही. म्हणजे २३, ६४ आणि १३१ क्लाउडमध्ये शाबूत होत्या, त्यांना पडताळणी करतानाच आमच्या संगणकाने चुकीचं वाचलं होतं. ८७ मात्र पाठवतानाच चुकीची वाचली गेली होती. रात्रभर मेमटेस्ट चालवला आणि रॅमची एक पट्टी सदोष निघाली.

मग अपलोड संपल्यावर झालेली तपासणी पास कशी झाली? rclone घरच्या फाइलचा हॅश ती पाठवण्यासाठी वाचतावाचताच काढतो. डिस्कवरून योग्य बाइट निघाला, रॅममध्ये त्यातला एक बिट उलटला, आणि तोच उलटलेला बाइट हॅशमध्ये गेला आणि तोच वाटेवर निघाला. ड्राइव्हला जे मिळालं त्याचा त्याने प्रामाणिकपणे ठसा काढला. दोन्ही ठसे जुळले, कारण दोन्ही एकाच चुकीच्या बाइटाचे होते. वाटेत काही बिघडलं नाही एवढंच ती तपासणी सांगू शकते. वाट सुरू होण्याआधी काय झालं ते कळायला फाइल पुन्हा वाचावी लागते, आणि दोघांत खरं कोण हे ठरवायला तिसरा ठसा लागतो.

पट्टी बदलली, घरची डिस्क पुन्हा वाचली, आणि सगळे १४० ठसे यादीशी जुळले. ८७ पुन्हा पाठवण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघायची इच्छा झाली. rclone cat क्लाउडमधली फाइल सरळ पाइपमध्ये ओततो, cmp ती घरच्या प्रतीशी बाइटला बाइट लावून बघतो:

```
$ rclone cat gdrive:tapes/tape-087.dv | cmp -l /mnt/tapes/tape-087.dv -
8352417907 145 105
```

सुमारे तेरा अब्ज बाइटांत फरक एकाच ठिकाणी होता. cmp बाइटांच्या किमती अष्टमान पद्धतीत दाखवतो. १४५ म्हणजे 01100101 आणि १०५ म्हणजे 01000101. डावीकडून तिसरा, एवढा एकच बिट एकाचा शून्य झाला होता.

पुन्हा पाठवताना एक खाचखळगा आहे. साधी copy ही फाइल सोडून देते, कारण आकार आणि वेळ दोन्ही सारखेच आहेत. तिला ठसाच बघायला सांगावं लागतं:

```
rclone copy /mnt/tapes/tape-087.dv gdrive:tapes --checksum
```

ती पोचेपर्यंत मी गणित मांडलं. बाइटचं ठिकाण भागिले १,४४,००० केलं की ५८,००३ वी फ्रेम येते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३८ मिनिटं ४० सेकंद. बिघडलेली प्रत आधीच बाजूला उतरवून ठेवली होती. काकांना शेजारी बसवलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत तिथवर गेलो. रंगमंचावर म्हातारीच्या भूमिकेतली बाई दाराची कडी काढत होती. तिच्या खांद्यामागच्या काळ्या पडद्यावर एक बारीकसा हिरवट चौकोन उमटला आणि पुढच्या फ्रेममध्ये नव्हता. एका सेकंदाचा पंचविसावा भाग. काकांनी मला ती फ्रेम पुन्हा मागे घ्यायला लावली. चौकोनाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. कडीवरचा तो हात बघत ते म्हणाले, "ही कडी आदल्या रात्री मीच ठोकली होती रे."